आभाळ खाली, जमीन वर

तीन माणसं रोज एकाच टेबलाशी चहा पिऊ लागली की किस्से साचतात, कपाच्या बुडाशी साखर साचते तसे. आमचं टेबल कारंज्यात, हायवेवरच्या बाबारावच्या बियाण्यांच्या दुकानात. बाबाराव दुकानदार, विलास भाजीवाला शेतकरी आणि मी निव्वळ खरं बोलणारा.

बाबारावनं जुन्या पुस्तकातून एक चिनी विद्या उचलली. तीन नाणी सहा वेळा उडवायची. सिंह पडला तर तीन, आकडा पडला तर दोन. बेरीज विषम आली तर अख्खी आगकाडी, सम आली तर मोडून दोन तुकडे. काड्या खालून वर रचायच्या. तीन काड्यांच्या प्रत्येक रचनेला पुस्तकात एक नाव: आग, पाणी, डोंगर, असं. खालच्या तीन म्हणजे विचारणारा, वरच्या तीन म्हणजे त्याचं माणूस.

"आन मधात?" मी विचारलं.

"मधात संसार."

*

पहिला प्रयोग स्वतःवरच. खाली आग, वर पाणी. खालची पहिली काडी वरच्या पहिलीशी, दुसरी दुसरीशी, तिसरी तिसरीशी जुळवायची. एक अख्खी, एक मोडकी, की जोडी जमली. तिन्ही जमल्या! बाबाराव फुलला.

वहिनी चहा घेऊन आल्या. "म्हणजे चुलीवर पाण्याचा गंज. आग तुमी न? लय भडकान त मी उतू जाईन, आन तुमीच विझान."

तेव्हापासून बाबाराव घरात हळू बोलतो.

*

मग एक बँकेतले साहेब आले. खाली डोंगर, वरही डोंगर. काड्या सारख्याच, म्हणून जोडी एकही नाही. दोघंही पाठ फिरवून बसलेले. घरी अबोला होताच. त्या घरात कुकरही शिट्टी न देता भात शिजवायचा, मी स्वतः पाहिलंय.

"उठा, तुमीच बोला पयले," बाबाराव म्हणाला.

"मीच काऊन?"

"नाणी तुमी उडवली म्हणून."

*

मग विलास. बोरगाव मेघेची नंदा वर्ध्याच्या बाजारात घरची भाजी विकते. रविवारी तिच्या घरी जाऊन मागणी घालायची, असं त्यानं ठरवलं होतं.

खाली तीन मोडक्या, वर तीन अख्ख्या. खाली जमीन, वर आभाळ.

"बेस आहे न? दोघं आपापल्या जागी."

"तेच वाईट," बाबाराव म्हणाला. "जोड्या जमतात, पण आभाळ वर जाते, जमीन खाली बसते. दोघं लांब चालले. आभाळ खाली आन जमीन वर असती, त भेटले असते."

तिन्ही नाणी सारखी पडली तरच ती काडी बदलते, अख्खीची मोडकी होते किंवा मोडकीची अख्खी. विलासची एकदाही तशी पडली नव्हती.

"पुन्हा टाकू?"

"एक प्रश्न दोनदा इचारत नाई."

विलास उठला. "तरी मी जाईन. नाई म्हणायचं असन त तिनं म्हणाव, काड्यांनी नाई."

*

दुसऱ्या दिवशी नंदाच आली, गोबीचं बी घ्यायला. काड्या टेबलावर तशाच होत्या. विलास आमच्या बाजूला, मान खाली. मी अर्थातच तिला सगळं सांगून टाकलं.

ती टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर, आमच्यासमोर बसली.

"खालच्या तीन कोनाच्या?"

"इचारणाऱ्याच्या," बाबाराव म्हणाला.

"मंग इचारते मी. मह्या बाजूनं पाहा."

बाबाराव टेबलाला वळसा घालून तिच्यामागं गेला, चष्मा लावला, वाकला. मग म्हणाला, "इकडून त आभाळ खाली, जमीन वर. विलास, तू इकडं ये."

"त्याले तिकडंच राहू द्या," नंदा म्हणाली. मग विलासकडे पाहिलं. "रविवारी येजो. आईले घेऊन."