गुरुजींच्या अग्रलेखात मी घातलेलं वाक्य

माझ्या हातून आयुष्यात बऱ्याच चुका झाल्या. त्यांतल्या बहुतेकांची मी वेळोवेळी माफी मागितलेली आहे, काहींची तर दोनदा. पण एका इंग्रजी वाक्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. ते वाक्य मी लिहिलं आणि दुसऱ्याच्या नावावर छापून आलं.

द्वैभाषिक राज्य नुकतंच झालं होतं. मराठी आणि गुजराती मुलूख एकाच राज्यात ठेवायचे, म्हणजे मुंबई कोणाची हा प्रश्न उरणार नाही, असं दिल्लीनं ठरवलं होतं. आमच्याकडे त्याविरुद्ध रोज सभा होत होत्या. मी पिंपरीच्या एका सरकारी कारखान्यात पत्रव्यवहार विभागात टंकलेखक होतो. सरकारी नोकर असल्यामुळे सभेत मी कधी मंडपात बसलो नाही, मंडपाबाहेर सायकल धरून उभा राहिलो. कोणी विचारलं तर, जाता जाता थांबलो, असं सांगता यावं म्हणून.

चिंचवड गावठाणात एक साप्ताहिक निघत असे. त्याचे संपादक म्हणजे माझे शाळेतले गुरुजी. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनं छपाईचं यंत्र आणि अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांच्या चार पेट्या घेतल्या होत्या. खिळे जुळवायला गावातलेच एक चाचा होते. ते लेख जुळवता जुळवता त्यावर मतही देत, आणि गुरुजी ते ऐकत. द्वैभाषिकाला विरोध करणाऱ्या गावच्या कृती समितीचे अध्यक्षही गुरुजीच होते.

द्वैभाषिकावर त्यांनी अग्रलेख लिहिला. त्याची सुरुवात मला आजही पाठ आहे: ‘आमचे लग्न लागले, असे आम्हांस वर्तमानपत्रात वाचावयास मिळाले. अंतरपाट दूर झाला तेव्हा समोर कोण उभे आहे ते कळले. वधूलाही तेव्हाच कळले. आता सासूबाई दिल्लीहून कळवतात की, दोघांनी सुखाने नांदावे आणि माहेरचे दागिने त्यांच्याकडे ठेवावेत.’ लेखात एकही शिवी नव्हती. सभेत वाचला तेव्हा लोक हसले आणि हसून झाल्यावर परत वाचायला लावला.

कारखान्यात एक परदेशी इंजिनिअर आले होते. त्यांच्या बाईंच्या देशात एक मासिक होतं. जगभरच्या छोट्या वर्तमानपत्रांतले लेख ते इंग्रजीत छापत असे. त्यात पाठवायला म्हणून बाईंनी मला विचारलं, ‘इथल्या लोकांना काय वाटतं, हे सांगणारं काही आहे का? आम्हांला फक्त दिल्लीचं म्हणणं वाचायला मिळतं.’ मी गुरुजींचा अग्रलेख सुचवला. मासिकाची अट अशी होती की लेख एका पानात बसावा आणि तळटिपा दोनच असाव्यात.

मी सत्तावीस दिल्या.

त्या देताना मला फार समाधान वाटलं होतं, हे कबूल करतो; छापखान्यात मी आकडाही सांगून आलो होतो. अंतरपाटावर एक टीप, माहेरावर एक, सासूवर तर पाऊण पान, कारण परदेशात सासू या संस्थेची नीट कल्पना नसेल असं मला वाटलं. भाषावार प्रांतरचनेचा सगळा इतिहास अकराव्या टिपेत आला, आणि ती कळावी म्हणून बारावी घालावी लागली. गुरुजींचा लेख पानाच्या वरच्या बाजूला चार ओळींत उरला.

बाईंनी तो मन लावून वाचला. ‘टिपा चांगल्या आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘लेख कुठे आहे?’

मी चार ओळींवर बोट ठेवलं.

‘हे बघा, मला तीनच गोष्टी समजायला हव्यात. कोण रागावलंय, कोणावर, आणि त्यांना काय हवंय. बाकीचं मला कळलं नाही तरी चालेल. मी पाहुणी आहे, मला घरातली सगळी कपाटं उघडून दाखवायची गरज नाही.’

हे मला पटलं. टिपा काढून माहिती वाक्यांतच घालायची असं ठरवलं. अंतरपाटासाठी ‘वधूवरांच्या मध्ये धरलेलं कापड’ एवढंच लिहिलं आणि ते टिपेशिवाय उभं राहिलं. ‘दिल्ली’चं ‘दिल्लीतलं सरकार’ केलं. दागिने म्हणजे मुंबई, हे इथल्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं. तिकडच्यासाठी मी ‘दागिने, म्हणजे मुंबई शहर,’ असं लिहिलं. माहेर, नांदणं, सगळं थोडक्यात बसलं. लेख श्वास घ्यायला लागला. इथेच थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो.

पण मासिकात अनुवादकाचं नाव छापणार होते. कारखान्यातल्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ते मासिक येण्याची शक्यता मी मनात मांडली, मग साहेबांचा चेहरा मांडला, मग माझी बदली मांडली. आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी, पार्श्वभूमी म्हणून, एक वाक्य टंकलं. त्याचा अर्थ असा: ‘अर्थात दोन्ही प्रांतांतल्या समंजस लोकांना ही व्यवस्था न्याय्य वाटते.’

मी स्वतःला समजावलं की परदेशी वाचकाला दोन्ही बाजू कळायला हव्यात. हा समजावणीचा भाग मला फार पटकन जमतो.

गुरुजींना इंग्रजी येत होतं, पण डोळे अधू झाले होते. ते म्हणाले, ‘वाचून दाखव.’ मी छापखान्यात बाकावर बसून अनुवाद वाचला. ते वाक्य आलं तेव्हा मी खोकलो आणि पुढच्या परिच्छेदाला सुरुवात केली.

‘झकास,’ गुरुजी म्हणाले. ‘सासूबाई साता समुद्रापार गेल्या.’

चाचा पेटीवरून मान न उचलता म्हणाले, ‘भाऊ, औषध घ्या. खोकला बरोबर मध्येच आला.’

मासिक छापून आलं. चार महिने काही घडलं नाही. मोठ्या साहेबांनी ते कधी पाहिलंच नाही; त्यांना फक्त शिकारीची मासिकं येत, हे मला मागाहून कळलं. पण पुण्यातल्या एका द्वैभाषिकवादी दैनिकाच्या माणसानं ते कुठल्याशा वाचनालयात पाहिलं आणि तेवढंच वाक्य परत मराठीत आणलं. मथळा होता: ‘विरोधकांचीच परदेशात कबुली’. खाली गुरुजींचं नाव आणि गाव.

समितीची बैठक छापखान्यातच भरली. एक म्हातारे पाटील उभे राहिले. ‘गुरुजी, आमी समंजस न्हाई व्हय? आमच्या म्होरं लगीन मोडायचं म्हनता, आन् गोऱ्याच्या म्होरं नांदतो म्हनता?’

‘मी असं लिहिलेलं नाही,’ गुरुजी म्हणाले.

‘मग छापलंय कुनी? भुतानं?’

भूत दाराजवळ सायकल धरून उभं होतं.

बैठक संपायच्या आत अध्यक्षपद दुसऱ्याकडे गेलं. गुरुजींनी वाद घातला नाही. सगळे गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. ‘हे वाक्य आपण पाठवलेल्या कागदात होतं का?’

‘नव्हतं,’ मी म्हणालो. ‘तिकडच्या संपादकांनी घातलं असेल.’

‘मग त्यांना पत्र लिहू,’ गुरुजी म्हणाले, आणि तिथल्या तिथे मराठीत पत्र सांगायला लागले. माझ्या लेखात परक्याचं मत घालण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असा त्या पत्राचा सूर होता. फार सुंदर पत्र होतं. ते इंग्रजीत करण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. गावात दुसरा अनुवादक नव्हता.

तीन दिवस मी त्या पत्राशी झगडलो. प्रत्येक ‘तुम्ही’ मला उद्देशून होता आणि तो मीच एका निरपराध परदेशी माणसाकडे रवाना करायचा होता. शिवाय त्याच्याकडे माझा टंकलेला कागद होता, हेही मला चांगलं ठाऊक होतं. माझं मन शुद्ध झालं म्हणून मी कबुली दिली, असं लिहायला मला आवडेल. खरं कारण तो कागद असावा.

मी पत्राचा अनुवाद केलाच नाही. त्याऐवजी इंग्रजीत एक निवेदन लिहिलं आणि त्याचं मराठी घेऊन छापखान्यात गेलो. त्यात माझी नोकरी होती, भीती होती, खोकला होता, गुरूशी केलेला द्रोह होता, आणि मासिकाच्या वाचकांची क्षमायाचना होती. एकूण दोन पानं. या वेळी मी खोकलो नाही, सगळं वाचलं.

चाचांचा हात खिळ्यांच्या पेटीत थांबला. गुरुजींनी हात पुढे केला. ‘पेन्सिल दे.’

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून माझी भीती काढली. मग नोकरी काढली. द्रोहावर काट मारली. क्षमायाचना सगळी गेली. शेवटी उरलं ते असं: ‘दुसऱ्या परिच्छेदातले शेवटचे वाक्य मूळ लेखात नाही, ते अनुवादकाने घातले.’

‘एवढंच?’ मी विचारलं. मला थोडं वाईट वाटलं. दोन पानांत मी बरा माणूस दिसत होतो.

‘वाचकाला एवढंच माहीत नाही,’ गुरुजी म्हणाले. ‘तुला काय वाटतं, हे त्यानं विचारलेलं नाही. मागेही विचारलं नव्हतं. त्याला जे ठाऊक नाही ते सांगायचं रे, मला जे वाटत नाही ते माझ्या तोंडी घालायचं नाही.’

‘सत्तावीसमधली ही पहिली कामाची टीप,’ चाचा म्हणाले.

मासिकानं ती टीप पुढच्या अंकात अगदी बारीक टाइपात छापली. गुरुजींनी तीच मराठीतून साप्ताहिकात पहिल्या पानावर घेतली. अनुवादकाचं नाव द्यावं की नाही, असं त्यांनी मला विचारलं. द्या, असं मी म्हणालो. त्यांनी दिलं नाही. पुण्याच्या दैनिकानं खुलासा छापला नाही. कबुलीला जागा असते, खुलाशाला नसते. पाटील छापखान्यात येऊन गुरुजींच्या पाया पडून गेले, पण अध्यक्षपद गेलं ते गेलंच. नव्या अध्यक्षांना भाषण आवडत असे, लेख नाही.

पुढच्या वर्षी बाईंनी आणखी एक लेख मागितला. मी गुरुजींकडे जाऊन, दुसरा कोणी अनुवादक पाहा, असं सांगितलं. त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला. अनुवाद झाल्यावर त्यांनी तो वाचून दाखवायला सांगितलं, आणि मराठी लेख चाचांच्या हातात दिला.

मी एक इंग्रजी वाक्य वाचायचो आणि थांबायचो. चाचांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ते प्रत्येक वेळी एका मराठी वाक्यावर पेन्सिलीनं खूण करायचे आणि म्हणायचे, ‘हां, पुढे.’ लेखाच्या शेवटी माझी वाक्यं संपली तेव्हा त्यांची पेन्सिलही शेवटच्या वाक्यावर होती.

‘बरोबर आलं,’ चाचा म्हणाले. गुरुजींनी मान हलवली, आणि कागद पाकिटात घालण्याआधी त्यावरची वाक्यं स्वतः एकदा मोजली.