चार पानांचे स्मरणपत्र

१९४६ सालची माघ शुद्ध पंचमी. रहिमतपुरात आमच्या घरी सोप्यात बैठक झाली. हुंडा अकराशे रुपये ठरला, मानपान वेगळा. मुलाकडून त्याचे वडील आणि दोन चुलते हजर होते. आमच्याकडून मी, माझे थोरले भाऊ आणि सांगलीहून आलेले मेहुणे, म्हणजे मुलीचे मामा. सुपारी फुटली नाही. मुलाचे वडील उठताना म्हणाले, “भटजीला इचारून मुहूर्त कळवतो. वैशाखातला धरू.” ते तासगावकडचे, बागायतदार. मुलगा मॅट्रिक झालेला.

मुहूर्त आला नाही. फाल्गुनात मी एक कार्ड टाकले, त्याला उत्तर नाही. पाडवा झाला तरी काही नाही. मुलीला अठरावे संपत आले होते. वैशाख-ज्येष्ठ गेला की पुढे चातुर्मास, म्हणजे वर्ष गेले. आणि गावात बैठक झालेली सगळ्यांना ठाऊक. बोलणी होऊन राहिलेल्या मुलीबद्दल लोक काय विचारतात तेही ठाऊक. पाणवठ्यावर एका बाईने आमच्या मंडळींना, म्हणजे मुलीच्या आईला, विचारलेच, “काय वो, मुलीत काय खोट दिसली का त्यास्नी?” त्यात कोरेगावच्या एका शिक्षकासाठी विचारणा आली होती. तिला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना.

एका दुपारी मी फुलस्केप कागद घेऊन बसलो. हिशेबाला बसलो की मी फार लिहीत नाही. त्या दिवशी मात्र हात थांबेना. आमचा थोरला मुलगा ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला, तेव्हापासून घरात कर्ता मुलगा नाही, हे लिहिले. मंडळींना झोप लागत नाही, हे लिहिले. मुलगी आपल्या पदरात घातली आहे, आमचे काही चुकले असल्यास लहान भाऊ समजून पोटात घालावे, असे लिहिले. शेवटी लिहिले की देण्याघेण्यात काही उणे वाटत असेल तर आणखी दोनशे-तीनशेचा विचार आम्ही करू. चार पाने झाली. वाचून पाहिले तेव्हा मला ते पत्र चांगले वाटले. डोळ्यांत पाणी आले, म्हणून चांगले वाटले असावे.

हळद विकायला सांगलीला जायचेच होते. पत्र पाकिटात घालून, पण न चिकटवता, खिशात ठेवले. मिरजेला गाडी बदलून सांगलीला उतरलो. मेहुण्यांची हळदीची अडत होती. सौदे चालू होते. तिकडची रीत अशी की घेणारा आणि अडत्या एकमेकांचा हात रुमालाखाली धरतात आणि बोटे दाबून भाव सांगतात. तोंडाने आकडा कुणी उच्चारत नाही, चेहराही हलू देत नाहीत. माझी हळद अशीच गेली. किती दाबले ते मला मेहुण्यांनी पेढीवर आल्यावर सांगितले.

चहा आला तेव्हा मी पत्र पुढे केले. त्यांनी गादीवर मांडी घालून चारही पाने वाचली. मग पहिल्या पानावर परत गेले.

“दाजी, ह्ये पत्र हाय का कीर्तन?”

“थट्टा नको.”

“थट्टा न्हाई. तुमाला त्यांच्याकडनं काय पायजे, त्येवढं एका वाक्यात सांगा बगू.”

“मुहूर्त.”

“मग चार पानांत मुहूर्त कुटं हाय?” त्यांनी बोट फिरवत फिरवत तिसऱ्या पानाच्या तळाशी आणले. “हितं. दोन वळी. इतका खाली कोन जातंय?” मग चौथे पान वर धरले. “आनि ह्ये दोनशे-तीनशे! आवं, सौद्याला बसायच्या आदीच रुमाल काढून बोटं दावताय व्हय? त्यांनी मागितलं का तुमाला?”

“नाही. पण गप्प आहेत ते त्यासाठीच असतील.”

“असतील. म्हनून तर लिवायचं न्हाई. आज तीनशे लिवलं की ते आनी म्हैनाभर गप बसत्यात. मग तुमी पाचशे लिवताय.”

त्यांनी निळी पेन्सिल घेतली आणि ती ओळ खोडली. ‘लहान भाऊ समजून’ खोडले. ‘आमचे काही चुकले असल्यास’ याच्यापाशी थांबून विचारले, “काय चुकलं?” तेही गेले. मंडळींची झोप गेली. मग ते माझ्या थोरल्या मुलाच्या पानावर आले आणि पेन्सिल खाली ठेवली.

“ह्ये तुमी काडा. मी न्हाई हात लावत.”

मी म्हणालो, “ते राहू दे. खरे आहे ते.”

“खरं हाय म्हनूनच. माझा भाचा होता त्यो. दाजी, ह्ये पत्र त्यांच्या घरी चार मान्सं बसून वाचनार. एक चुलता दुसऱ्याच्या हातात दील, त्यो पान थुकून येऊन तिसऱ्याला दील. आपलं पोरगं असं हातोहात फिरवायचं हाय का तुमाला? आनि कशापायी? मुहूर्तापायी?”

मी ते पान वेगळे काढले, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातले. बाहेर हमाल पोती मोजत होते.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने कार्डावर लिहून दाखवले: मुहूर्त आठ दिवसांत कळवा, न कळवल्यास बोलणी मोडली समजा. मी म्हणालो, “हे हळदीवाल्याला ठीक आहे. मला तिथे मुलगी द्यायची आहे.” ते हसले. “मग मधलं काय ते आक्काला इचारा.”

घरी आलो तेव्हा मंडळी वाती वळत बसल्या होत्या, मुलगी चुलीपाशी होती. मी आधी माझा मसुदा, मग मेहुण्यांचे कार्ड, दोन्ही वाचून दाखवले. मंडळींना लिहिता येत नाही, पण ऐकलेले विसरत नाहीत.

“तुमचं लय रडकं, आनि त्येचं लय खेकसून,” त्या म्हणाल्या. “आवं, आपन शब्द दिलाय, त्यो आपन पाळतोय, ह्ये पयलं सांगा की. मग त्यांचं काय ते इचारा.”

“आणि नकार असला तर?”

“त्योबी कळवा म्हनावं. नकारालाबी तोंड असतंय की.”

मेहुण्यांचे कार्ड नको, असेही त्याच म्हणाल्या. उघडे कार्ड पोस्टमनपासून पाटलापर्यंत सगळे वाचतात. पाकीटच हवे. पत्र पोचले नाही असे कुणी म्हणू नये म्हणून मी रजिस्टर करून पोच मागवायचे ठरवले. माझे अक्षर बारीक, म्हणून स्वच्छ प्रत मुलीने लिहिली. तिच्याच लग्नाचे पत्र तिला लिहायला लावणे बरे नव्हे, हे तेव्हा कुणाच्या मनात आले नाही. मायना सोडला तर पत्र एवढेच होते:

‘माघ शुद्ध पंचमीस आमच्या घरी जी बोली ठरली तीवर आम्ही कायम आहोत. मुहूर्त आपण कळवणार होता. फाल्गुनातील आमच्या कार्डाचे उत्तर आलेले नाही. चैत्र वद्य दशमीपर्यंत होकार किंवा नकार, जो असेल तो कळवावा. दशमीनंतर उभयपक्षी मोकळे आहोत असे धरू. कळावे, लोभ असावा.’

पोच सही होऊन आली. मुलाच्या वडिलांचीच सही होती. उत्तर मात्र नाही. दशमीपर्यंतचे दिवस वाईट गेले. ते घडी केलेले पान मी दोनदा बाहेर काढले. चारही पाने पाठवली असती तर माणसाला पाझर फुटला असता, असे वाटे. दशमीला मी पोस्टात जाऊन बसलो. मास्तर म्हणाले, “आबा, थैली रिकामी केली. आता मी काय घरून लिहून आणू?”

द्वादशीला दुपारी मुलाचे वडील स्वतः आले, सोबत एक चुलता. पाणी पिऊन झाल्यावर उपरण्याने तोंड पुसत म्हणाले, “पत्र मिळालं. लय मोजकं लिवलंसा.”

“विचारायचे तेवढेच होते.”

“कायम हाय म्हनता. म्हंजे वर काय न्हाई?”

“वर नाही, खाली नाही.”

ते चुलत्याकडे पाहून हसले. “मी बोललो नव्हतो? त्यो काय वर चडायचा न्हाई.” मग मोकळेपणाने म्हणाले, “आता लपवायचं काय? दुसरीकडनं तेराशे बोलत हुते. ते फिसकाटलं. वैशाख वद्यातला मुहूर्त हाय. फोडा सुपारी.”

मी सुपारी आणायला आत गेलो. माझ्या मनात सुटल्याचेच समाधान होते, हे कबूल केले पाहिजे. मुलगी दाराआड उभी होती. पंच बसले असता मुलीने बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि ती कधी बोलणारीही नव्हती.

“आबा, दशमी झाली न्हवं?”

मी म्हणालो, “दोन दिवसांचे काय एवढे?”

“म्याच लिवलं की. उभयपक्षी मोकळं. म्हंजे आपनबी, का फकस्त त्येच?”

मंडळी चुलीपाशी होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही, पण भाकरी थापायची थांबली.

“तुला जायचे नाही तिथे?”

“तेराशेचं जमलं असतं तर त्ये आलं असतं का हितं?”

मी तबक तसेच ठेवले आणि रिकाम्या हाताने बाहेर आलो. इतके सरळ वाक्य मला आयुष्यात जड गेले नव्हते. म्हणालो, “दशमीपर्यंत वाट पाहिली. पत्रात लिहिले तसे आता आम्ही मोकळे आहोत. आमचा विचार बदलला आहे.”

“दोन दिसापायी?” ते उठले. “पस्तावशीला. पोरगी घरात ठिऊन लोनचं घालनार हाय का?”

त्या वर्षी लग्न झाले नाही. कोरेगावकरांना मी होय कळवले, पण बोलणी मोडल्याचे त्यांच्याही कानावर गेले होते. त्यांनी चौकशीला वेळ घेतला आणि पावसाळा गेला. पाणवठ्यावरच्या बाईला बोलायला विषय झाला. थोरले भाऊ माझ्याशी दिवाळीपर्यंत धड बोलले नाहीत. त्या महिन्यांत मी पुष्कळदा म्हणालो की पत्र आखूड केले हे चुकले, त्यात वळायला जागाच ठेवली नाही. मेहुण्यांना तसे सुनावलेही. ते म्हणाले, “दाजी, वळायचंच हुतं तर दशमी कशाला घातलीसा?” मुलगी त्या दिवसांत कमी बोले. तिला वाईट वाटते का, हे मी विचारले नाही.

मार्गशीर्षात कोरेगावचे लोक आले. शिक्षकाचे वडील हुंड्याचे बोलताना आकडा घासत बसले नाहीत, पण सोडलाही नाही. लग्न पुढच्या वैशाखात झाले. मी अकराशे बाजूला काढून ठेवलेले होते. त्यांतले नऊशे एक कोरेगावच्या व्याह्यांना रोख दिले, मेहुण्यांच्या समोर, मोजून. उरलेले एकशे नव्याण्णव रहिमतपूरच्या पोस्टात मुलीच्या नावे भरले. पुस्तक तिच्याच हातात दिले.