गळा मोकळा करताना

उल्हासनगरातल्या आमच्या एक ग्रॅम सोन्याच्या दुकानात सेठनी झुंबर लावलं, मखमली सोफा आणला आणि माझ्या कॉम्प्युटरला 'जादूचा आरसा' असं नाव दिलं. जादू एवढीच, की गिऱ्हाइकाने आपला फोटो द्यायचा, दागिना पसंत करायचा आणि मी तो फोटोतल्या गळ्यात घालून दाखवायचा. सोफ्यावर बसलेल्या बाईला महाराणी झाल्यासारखं वाटलं पाहिजे, असा सेठचा हुकूम होता. महाराण्या बहुतेक शहाडहून शेअर रिक्षाने यायच्या.

बदलापूरला कात्रपमध्ये माझी ताई राहते. गेल्या वर्षी दाजींना डॉक्टरांनी घरी पाठवलं. आता फक्त दुखणं कमी ठेवायचं होतं. अंबरनाथच्या कारखान्यात टर्नर म्हणून आयुष्य गेलेला माणूस. ताईला हार घ्यायचं दरवर्षी राहून गेलं होतं. मला म्हणाले, तुझ्या त्या आरशात घालून दाखव, मला तिच्या गळ्यात बघायचाय.

खिडकीशी काढलेला ताईचा फोटो घेतला. पहिलं काम नेहमीचंच, गळा मोकळा करणं. म्हणजे फोटोतलं मंगळसूत्र पुसून तिथे आजूबाजूच्या त्वचेचा रंग भरायचा. मग हार मानेच्या उताराने वळवला, मागची टोकं केसांखाली सरकवली. ताईची मान कलती होती, पण हारासोबतचे झुमके सरळ खाली लोंबते ठेवले. हाराचा मूळ फोटो पांढऱ्या पेटीतला, त्यामुळे सोन्यात चहूकडून पांढरी चमक. ती खिडकीच्या बाजूलाच ठेवली, खालच्या कडेला साडीचा हिरवा किंचित उतरवला आणि गळ्यावर पुसट सावली टाकली.

दाजींनी मोबाईल बराच वेळ हातात धरला. उजेड कुठल्या बाजूचा, चमक कुठल्या बाजूला, हे कारखान्यात माप तपासावं तसं तपासलं. काम बरोबर आहे म्हणाले. मग विचारलं, "मंगळसूत्र कुठंय?"

नवा हार उठून दिसावा म्हणून काढतो, सगळ्यांचंच काढतो, असं मी सांगितलं.

"परत घाल," ते म्हणाले. "मी आहे अजून."

ताई पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होती. "घाल रे बाबा," ती म्हणाली, "नाहीतर म्हणतील, हार मिळाला आणि मला विसरली." दाजी हसले, मग खोकत राहिले.

मूळ फोटो खालच्या थरात तसाच होता. वरचा भरलेला रंग तेवढ्यापुरता खोडला, काळे मणी परत आले. त्यांच्यावर हाराची सावली टाकली. तोच हार आणायला दाजींनी सांगितलं. मी घेऊन गेलो तेव्हा दाराबाहेर चपलाच चपला होत्या.

दोन दिवसांनी ताई माझ्यासमोर बसली. तिचा मोकळा गळा मी आधी पाहिला होता, माझ्याच हाताने केला होता. पण मी केलेला चुकला होता. मी सगळीकडे एकसारखा गव्हाळ रंग भरला होता. खऱ्या गळ्यावर, जिथे इतकी वर्षं काळे मणी होते, तिथे एक फिकट रेघ होती. तेवढी जागा उन्हाने सोडली होती.