बसूच्या रिझ्युमेला साक्षीदार पाहिजे

मधल्या मारुतीजवळच्या आमच्या गल्लीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी प्रियदर्शनी. डाव्या हाताला महेश्वरअण्णांचं भांड्यांचं दुकान, आणि त्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, वीरभद्रप्पांचं. तेही भांड्यांचंच. मी शेजारीच, म्हणून दोघांची कटकट मला फुकटात ऐकायला मिळते.

वीरभद्रप्पांचा थोरला मुलगा बसू. वय एक्केचाळीस. कॉलेज सुटल्यापासून समोरच्या गादीवर बसलेला, नावाला साजेसा. एक दिवस दुपारी माझ्याकडे आला, खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाला, "अक्का, रिझ्युमे करून पाहिजे. मोडनिंबकडं एका डेअरीत स्टोअरकीपरची जागा हाय."

"दुकान सोडणार?"

"धाकटा शिवू हाय की. दुकान एकच, माणसं दोन." मग जरा थांबून म्हणाला, "आणि मला कुणीतरी एकदा म्हणावं वाटतंय, उद्या सुट्टी हाय म्हणून. अप्पा कदीच म्हणाले न्हाईत."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. म्हटलं, जुनं काही लिहिलेलं असेल तर दे. त्यानं खिशातून कागद काढला तर तो त्याच्या लग्नाचा बायोडेटा. वर्ण गोरा, मामाचं गाव अक्कलकोट, आहार शाकाहारी. "बसू," मी म्हटलं, "तुला डेअरी नोकरीला घेणार आहे, जावई म्हणून नाही."

नव्यानं सुरू केलं. हुद्दा काय लिहू?

"मालकाचा मुलगा."

"हा हुद्दा नसतो रे बाबा. काम काय करतोस?"

"काय न्हाय. दुकानात असतोय."

मग मी उकरायला लागले. माल कोण मागवतं? तो. साठा कोण मोजतं? तो. जीएसटीची बिलं लावून सीएकडे कोण पाठवतं? तो. लग्नसराईत आख्ख्या संसाराचे सेट कोण लावतं, मोडीत आलेली जुनी तांब्या-पितळेची भांडी कोण वजन करून घेतं, नव्या भांड्यांवर नावं कोण कोरतं? सगळं तोच. आणि वर म्हणतो, काय न्हाय! माझं डोकंच फिरलं. मी सरळ टाइप केलं, "दुकान व्यवस्थापक, खरेदी व साठा", आणि त्याखाली एकेक काम. दुकान घरचं आहे हेही स्पष्ट लिहिलं. लपवलं तर मुलाखतीत फजिती होते. "शेवटचा पगार?" विचारलं तर म्हणाला, "लागंल तसं गल्ल्यातनं घेतोय." ते मी लिहिलं नाही. विचारलं तर रिटर्नमधला आकडा सांग म्हटलं.

सगळं एका पानात छान बसलं. पण डेअरीच्या अर्जात मेख होती. कामाची माहिती देतील अशी दोन माणसं पाहिजेत, फोन नंबरासकट, आणि नातेवाईक चालणार नाहीत. एक सीए झाले. दुसरा कोण? घाऊक व्यापारी त्याच्या मावशीचे यजमान. पितळेवाला मेहुण्याचा चुलता. शेजारचा कुकरवाला आत्याचा जावई. या लोकांनी सगळी बाजारपेठ लग्नं लावून वाटून घेतलीय, अनोळखी माणूस म्हणून शिल्लकच नाही.

"महेश्वरअण्णा नात्यात आहेत का?" मी विचारलं.

बसूचा चेहरा उतरला. "त्यांच्याशी आमची बोलचाल बंद हाय की."

बोलचाल बंद पडायचं कारणही बघा. बसूच्या बहिणीच्या लग्नात नवऱ्याकडच्यांनी भांडी महेश्वरअण्णांकडून घेतली. वीरभद्रप्पांच्या मांडवात, त्यांच्याच लेकीला, शत्रूची पातेली. तेव्हापासून दोघं समोरासमोर बसतात आणि एकमेकांच्या डोक्यावरच्या पाट्या वाचतात.

पण इलाज नव्हता. माझ्या दुकानातून, अप्पांना दिसू नये म्हणून भिंतीला लागून, बसू त्यांच्याकडे गेला. अण्णांनी एका झटक्यात हो म्हटलं. "लिही माझा नंबर. तू गेलास तर माजा धंदा जरा तरी हलंल."

वीरभद्रप्पांना बसूनं नोकरीचं सांगितलं होतं. त्यांचं उत्तर एवढंच, "दुसऱ्याच्यात टिकायचं न्हाय तुला." मुलाखत मात्र चांगली झाली. आता फक्त फोनांवर अडलं होतं, आणि सीएंचा झाला होता.

दुसरा फोन भर दुपारी आला. महेश्वरअण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवतात आणि ओरडून बोलतात. गल्लीत सगळ्यांनी काम थांबवलं. मी उठून त्यांच्या पायरीशी गेले. समोर बसू हातात परात धरून पुतळा झालेला.

"बसवराज यांना कधीपासून ओळखता?" एचआरच्या मॅडमनी विचारलं.

"ओळखतो? रोज त्याच्याकडंच बघतोय. मला दुसरं काम काय हाय?"

"काम कसं आहे त्यांचं?"

"माजी गिऱ्हाइकं पळवतो."

मी कपाळावर हात मारला.

"म्हणजे बघा," अण्णा तापले, "बाई माझ्या पायरीवर पाय ठेवती. हा तिथनं नुसतं विचारतो, अक्का, मागच्या घंगाळाची कडी नीट बसली का. संपलं! बाई तिकडं. कुणाच्या घरात कुठलं भांडं हाय, सगळं पाठ त्याला."

"प्रामाणिक आहेत?"

"एका बाईनं मोड त्याला घातली आणि नवीन माल माझ्याकडनं घेतला. मोडीतल्या गडव्यात नथ निघाली. हा नथ घेऊन माझ्याकडं आला. म्हणाला, गिऱ्हाईक तुमचं हाय, तुमीच द्या. आमची बोलचाल बंद असताना! सांगा आता."

"काही उणीव?"

"हाय की. न्हाय म्हणता येत न्हाय त्याला. बापाला म्हणता आलं असतं तर हितं कशाला राहिला असता?"

आणि मला दिसलं, समोर वीरभद्रप्पा उठलेत. धोतर सावरत ते रस्ता ओलांडायला लागले. बसूच्या हातातली परात सुटली, ती गोल गोल वाजत गटारापर्यंत गेली. आता नोकरी गेली, मी मनात म्हटलं. अप्पा महेश्वरअण्णांच्या पायरीवर चढले आणि त्यांच्या हातातून फोन घेतला.

"मॅडम, ह्यो माणूस अर्धंच सांगतोय." "बसूनं बोटानं वाजवून, पारखून दुधाचा कॅन घेतला तर तो गळायचा न्हाय. साठ्यात एक झाकण इकडचं तिकडं व्हायचं न्हाय. पण त्याला जेवायला जा म्हणून सांगावं लागतंय, आपण होऊन उठत न्हाय. आणि सुट्टी द्या त्याला. मी कदी दिली न्हाय. चुकलं माजं."

महेश्वरअण्णांनी गादीवर सरकून जागा केली.

"आपण कोण बोलताय?" मॅडमनी विचारलं.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. नातेवाईक चालत नाहीत, मी जोरजोरात मान हलवली. त्यांनी महेश्वरअण्णांच्या गादीकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडच्या स्वतःच्या दुकानाकडे.

"मी समोरचा दुकानदार," ते म्हणाले.

बसूला नोकरी लागली. पहिला आठवडा संपवून शनिवारी संध्याकाळी तो कंपनीच्या बसमधून उतरला, आणि सवयीनं सरळ दुकानाच्या पायऱ्या चढून पातेली आवरायला लागला. अप्पांनी त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"घरी जा," ते म्हणाले. "उद्या सुट्टी हाय तुला."