जावयांसमोर थुंकायचं कसं

दिघाशीच्या आजींना त्यांचे जावई माझ्या भिवंडीच्या दवाखान्यात घेऊन आले, तेव्हा समोरचे चार दात हिरडीपाशी मऊ, तपकिरी झाले होते. "काढून टाक गो बाय," त्या म्हणाल्या. जावयांचा चेहरा पडला. दात वाचवा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आत घातलेला आरसा गालाला चिकटला. तोंड कोरडं ठणठणीत. लाळ म्हटलं की लोक नाक मुरडतात, त्याचा मला राग येतो. जवळजवळ सगळं पाणीच, पण त्यात आंबटपणा मारणारं बायकार्बोनेट असतं, आणि दातांतून झिजून गेलेलं परत भरणारं कॅल्शियम नि फॉस्फेट. ती वाहत राहिली तरच हे सगळं दातांपर्यंत पोचतं.

मी आजींच्या हातात कप दिला. "पाच मिनिटं काही गिळू नका, येईल ते यात थुंका."

कप कोरडाच राहिला. लाळेच्या ग्रंथीच संपल्या असतील तर दात वाचवून टिकणार किती? मग त्यांचा गळा हलताना दिसला.

"आजी, गिळताय तुम्ही!"

त्यांनी डोक्यावरचा पदर ओढला. "जावयांच्या म्होरं थुकू? जमाचं न्हाय."

मी कपाळावर हात मारला आणि जावयांना बाहेर पाठवलं. आता कपात थोडी फेसाळ, चिकट लाळ आली. मग चघळायला बेचव मेण दिलं, तशी बरी सुटली. चघळलं की लाळ वाढते आणि तिच्यातलं बायकार्बोनेटही. तिचा थेंब टाकल्यावर आम्ल लावलेली पिवळी पट्टी हिरवी झाली. लाळेनं सगळं आम्ल मारलं असतं तर ती निळी झाली असती, पण हिरवीही मला पुरेशी होती. ग्रंथी जिवंत होत्या.

त्यांना सुकवत होती खाजेची जुनी गोळी, आजी ती वर्षानुवर्षं रोज रात्री घेत होत्या. आणि कोरड पडते म्हणून दिवसभर लिंबाच्या गोळ्या तोंडात.

"त्या मीच आणतो," परत आत आलेले जावई पुटपुटले. "आईंना बरं वाटतं म्हणून."

मला त्यांची फार दया आली. "माया बरोबर होती हो," मी म्हटलं, "तेवढी साखर आणि आंबट नको होतं."

त्यांच्या डॉक्टरांनी खाजेची गोळी बदलली. मी फ्लोराइडची पेस्ट दिली, घोटघोट पाणी प्यायला सांगितलं, आणि बिनसाखरेचं च्युइंगगम. ते ऐकून आजी लाजल्या.

काही महिन्यांनी पाहिलं, तर डाग काळपट होते, पण तपासायची सुई त्यांत रुतेना. दात पुन्हा टणक झाले होते. मला इतका आनंद झाला की जावयांनाही आत बोलावून दाखवलं.

"आज घरी सुक्या बोंबलाची चटणी करायला सांगतो," ते म्हणाले.

आजींनी आवंढा गिळला. "तोंडाला पानी सुटलं गो."

मी हसत कप पुढे केला. तो दिसताच जावई आपण होऊन उठले आणि बाहेर जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.