फिर्यादीवर वॉरंट

मला पैरवीच्या कामाला लावलं तेव्हा पोलीस ठाण्यातल्या सगळ्यांना वाटलं, बाईला आराम मिळाला. पैरवी म्हणजे पाठपुरावा. आमच्या ठाण्याचे जे खटले तालुक्याच्या कोर्टात चालतात त्यांचे साक्षीदार गोळा करायचे, समन्स पोचलं का ते बघायचं, सरकारी वकिलांच्या मागे कागद घेऊन उभं राहायचं. आराम कसला, दिवसभर लोकांच्या शिव्या. आरोपी शिव्या देतो ते मी समजू शकते. पण मला जास्त शिव्या फिर्यादींनीच घातल्या आहेत.

त्यातला एक नेसरीकडचा शेतकरी होता. पन्नाशीचा, अंगाने दांडगा, डोक्याला टोपी. चुलतभावाने बांधावर कोयत्याने मारलं म्हणून त्यानेच फिर्याद दिली होती. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून मिटत नव्हती. खटला उभा राहिला, समन्स गेलं, हा आला नाही. पुन्हा समन्स गेलं, पुन्हा नाही. शेवटी न्यायाधीशांनी त्याच्या नावाने जामीनपात्र वॉरंट काढलं. तेव्हा कुठे गडी बायकोला घेऊन आला आणि वॉरंटाचा कागद कोर्टातल्या माझ्या टेबलावर आपटला.

"मार मी खाल्ला न्हवं? मग वारंट माझ्यावर कसं काय?"

"दोनदा बोलावलं, आला नाहीत म्हणून."

"आणि हे जामीन जामीन काय लिवलंय? जामीन चोराला लागतो. मी काय चोर हाय?"

व्हरांड्यातले लोक वळून बघायला लागले. मलाही त्या दिवशी सकाळपासून कोणाचं ऐकून घ्यायची ताकद नव्हती. मी म्हटलं, आधी आवाज खाली करा. मग त्याला सांगितलं की जामीन म्हणजे हमी घेणारा, हा माणूस येणार असं सांगून त्याच्यासाठी उभा राहणारा. चोराचा आणि त्याचा काही ठरलेला संबंध नाही. तुम्ही येत नव्हता, म्हणून तुमच्यासाठी कोणीतरी उभं राहावं लागलं. गावातल्या शेजाऱ्याने सही केली ना, तो तुमचा जामीन.

"मंग तसं मराठीत लिवा की!"

हे मला रोज ऐकावं लागतं. खरं सांगायचं तर नोकरीला लागले तेव्हा हे शब्द मलाही नुसते पाठ होते. इसम, मजकूर, मुद्देमाल, मुचलका. कोल्हापुरात आमच्या गल्लीत उर्दू शाळेच्या एक बाई राहायच्या, त्यांनी एकेक शब्द फोडून सांगितला. फारसीतून आला, अरबीतून आला, दरबारात राहिला, तिथून चावडीवर उतरला. त्या म्हणायच्या, हे शब्द आता तुमचेच आहेत, पण तुम्ही त्यांना घरात घेत नाही, ओसरीवरच बसवता. मला ते पटलं होतं. पण अंगावर ओरडणाऱ्या माणसाला हे सांगावं असं वाटत नाही.

सरकारी वकिलांनी नवराबायकोला खोलीत बोलावलं. साक्षीआधी फिर्यादीला त्याची फिर्याद वाचून दाखवतात, म्हणजे काय सांगितलं होतं ते आठवतं. वकील तरुण, दुसऱ्या फायलीत डोकं घालून बसलेले. म्हणाले, तुम्हीच वाचा. मी वाचायला लागले. 'समक्ष हजर राहून फिर्याद देतो की, सदर इसमाने हातातील कोयत्याने माझ्या डाव्या हातावर वार करून मला जखमी केले आहे.'

"ह्यो सदर इसम कोण?" त्याची बायको पहिल्यांदाच बोलली. बारीक अंगाची, कपाळावर आठी, मांडीवर पाण्याची बाटली.

"तुमचा दीर. सदर म्हणजे वर सांगितलेला. इसम म्हणजे माणूस."

"मंग दीर म्हना की. त्याला कशाला माणूस म्हंताय?"

वकिलांना हसू आलं. नवऱ्याला आलं नाही. त्याने बाटलीसाठी हात केला, तिने टोपण फिरवून काढलं आणि बाटली त्याच्या उजव्या हातात दिली. तो प्याला आणि मग खरं काय ते बाहेर काढलं. गावात मिटलं होतं. भावकीतले पुरुष देवळात जमले, दोघांनी भंडारा उचलला. मूठभर हळद देवापुढे उचलून शब्द द्यायचा, की एकमेकांच्या विरुद्ध तोंड उघडणार नाही. आमच्या भागात भंडारा उचलल्यावर माणूस मागे फिरत नाही. त्याच्या लेखी खटला त्या दिवशीच संपला होता. म्हणून तर समन्स त्याने चुलीत घातलं. आज कोर्टात तो आला होता तोही त्याच चुलतभावाच्या गाडीतून.

"फिर्याद माझी हाय. मी दिली, मी माघारी घेतो. तुमचं काय जातंय?"

"तुमची नाही राहिली," वकील म्हणाले. "आता खटला सरकारचा. तुम्ही साक्षीदार. आणि कोयता हे हत्यार आहे, ह्या कलमात आपसातली तडजोड हे कोर्ट घेऊ शकत नाही. रद्दच करून घ्यायचं तर हायकोर्टात अर्ज करा."

"हायकोर्टात जायला मला काय दुसरा धंदा न्हाय? मी सांगनार, अंधार हुता, कोन हुता दिसलं न्हाय."

मला चीड आली. दुपारी साडेबाराला घडलेली गोष्ट, आणि ह्याला अंधार दिसतोय. मी म्हटलं, शपथेवर खोटं बोललात तर तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. आणि असं फिरणाऱ्या साक्षीदाराला कोर्टात काय म्हणतात माहीत आहे? फितूर.

तो ताडकन उठला. आमच्या जिल्ह्यात हा शब्द कोणालाही वापरून बघावा. गडाचा दिंडी दरवाजा आतून उघडून देणारा तो फितूर, एवढं शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं.

"तोंड सांभाळून बोला म्याडम. कुनाला फितूर म्हंताय? देवाला शबूद दिलाय, तो मोडला तर मी फितूर!"

"बसा खाली," वकील म्हणाले. तो बसला नाही, बाहेर निघून गेला. ह्या खटल्यात बाकी होतं कोण? जागेचा पंचनामा करणारे पंच, जखम बघितलेला डॉक्टर. मारताना बघितलेली फक्त ही बायको. तो फिरला आणि ही पण फिरली की कोयता चालवणारा सुटणार, आणि ती दोन बोटं कोणी निकामी केली हे कुठेच नोंद होणार नाही. हे वकिलांना कळत होतं, मला कळत होतं. ती मात्र बाटलीचं टोपण घट्ट करत बसली होती.

मला तिचाही राग आला. मी विचारलं, "वैनी, तुम्ही पण तेच सांगणार ना?"

तिने उलट विचारलं, "फिर्यादी म्हंजे काय वो? जामीन सांगितला तसं ह्ये सांगा."

"फिर्याद म्हणजे मूळ हाक. मदतीसाठी, न्यायासाठी मारलेली. अशी हाक मारतो तो फिर्यादी."

"मंग तिथं ह्येंचं नाव कशापायी? ह्ये तर निपचित पडलं हुतं. वरडले मी. माझं वरडणं ऐकून लोकं आली. न्हायतर त्यो दुसरा वार करनार हुता."

मी म्हटलं, ज्याने ठाण्यात येऊन दिली त्याचं नाव लागतं. ती म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हाय." मग टोपण पुन्हा आवळत, "देवळात बी कुनी इचारलं न्हाय. बायकांना बाहीर बसवलं हुतं."

एवढ्यात पुकारा झाला. एका साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते, म्हणून तिला मी बाहेरच्या बाकावर बसवलं. आत तो पिंजऱ्यात चढला, देवाची शपथ घेतली आणि म्हणाला होता तेच म्हणाला. अंधार होता. कोण होता ठाऊक नाही. पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ती फिर्याद आमच्या अंमलदाराने ओळ न् ओळ वाचून दाखवली होती. वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून उलटे प्रश्न विचारायची परवानगी घेतली. हा प्रत्येक प्रश्नाला 'न्हाय' म्हणत गेला. आरोपी चुलतभाऊ समोर हाताची घडी घालून उभा होता, नव्या पांढऱ्या शर्टात.

वकील वळून मला हळूच म्हणाले, "बायको पण हेच म्हणणार. साक्ष नको म्हणून लिहून देतो, वेळ कशाला घालवायचा?"

"साहेब, तिला बोलवा."

"तुम्हाला काय माहीत ती काय बोलेल?"

"नाही माहीत. पण बोलवा."

त्यांनी माझ्याकडे वैतागून बघितलं आणि बोलावलं. ती आली. तिला बघून नवरा दाराशी थबकला, साक्ष झाल्यावर त्याला आत थांबता येत होतं. वकिलांनी विचारलं, त्या दिवशी काय बघितलंत? तिने सगळं सांगितलं. ऊन होतं, ती भाकरी घेऊन गेली होती, बांधावर शब्दाला शब्द लागला, दिराने कोयता मारला. कोयता दाखवला तेव्हा म्हणाली, ह्योच, मुठीला तार बांधलीय ती बगा.

आरोपीचा वकील उठला. "तुमचे पती शपथेवर सांगून गेले की अंधार होता. म्हणजे तुमचे पती खोटं बोलतात?"

दाराशी उभा असलेला नवरा तिच्याकडे रोखून बघत होता, चुलतभाऊही. मला वाटलं, आता ही गळपटणार.

"ह्येनी भंडारा उचललाय," ती म्हणाली. "मी न्हाय उचलला."

न्यायाधीशांनी ते तिच्या शब्दांत उतरवून घ्यायला सांगितलं. तिला वाचून दाखवलं, तिने अंगठा न देता सावकाश सही केली.

बाहेर चुलतभावाची गाडी धुरळा उडवत निघून गेली होती. दोघांना आता एसटीने जायचं होतं. नवरा पायरीवर बसला होता, तोंड लाल. मी शेजारून गेले तर मला ऐकू जाईल अशी शिवी दिली. मी ऐकली आणि थांबले, कारण त्याची बायको येत होती. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली. मग त्याने तिच्याकडे न बघता बाटलीसाठी हात पुढे केला.

तिने टोपण फिरवून काढलं. आधी स्वतः पोटभर प्याली, मग बाटली त्याच्या हातात दिली.