एक बाही उलटी, एक सुलटी

मंगळवार, ४ मार्च. सकाळी नळाला पाणी बारीक. इस्त्रीचे कपडे आले, एक उशीचा अभ्रा कमी. दुपारी टेलरबाई आली. कोट अजून अर्धवट उसवलेलाच. गणित घेतले. कंसाचे सगळे चुकले. रडली नाही, पण चहा न पिता गेली.

माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. टेलरबाई म्हणजे आमच्या जिन्याखाली मशीन लावून बसणारी, चाळिशीची, सतत टाचणी जवळ बाळगणारी बाई. ती टाचणी ओठात धरून बोलायची. नवीन माणसाला वाटायचं बाई तुसडी आहे. पण टाचणी काढली की तोंडाचा पट्टा सुरू. कापड टाकताना तिचा जीव जायचा. चिंध्यांतून तिने साऱ्या इमारतीला भांडी धरायची फडकी शिवून दिली होती.

गेल्या वर्षी बायकांच्या प्रशिक्षण केंद्रात तिला शिवण शिकवायला तात्पुरतं घेतलं. मुली तिच्यावर खूश, केंद्राच्या मॅडमही खूश. पण जागा कायम करायची तर दहावी पास हवी, आणि टेलरबाईचं गणित तरुणपणीच राहून गेलं होतं. मॅडमनी सांगितलं, ह्या परीक्षेत पास झालात तर जागा तुमची, नाहीतर जूनपासून दुसरी बाई येईल. नणंद म्हणाली, "आता नातवंडांच्या बाकावर बसणार का?" टेलरबाईने ते मला सांगितलं तेव्हा टाचणी ओठातच होती, म्हणून तिला काय वाटलं ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

तिच्याकडे ह्यांचा कोट पडून होता. म्हणजे मीच दिला होता. ह्यांचा जाड लोकरी कोट, अस्तर लावलेला, त्यांच्यामागे कपाटात नुसता टांगलेला. तो माझ्या मापाचा करून दे, सकाळी गॅलरीत बसायला होईल, असं मी म्हटलं. तिने उसवायला घेतला आणि मग परीक्षेचा अर्ज भरला. कोट राहिला. मी विचारलं नाही. त्याऐवजी मीच तिला दुपारी गणित शिकवायला लागले. मिशनच्या शाळेत आम्हाला गणिताच्या सिस्टर होत्या. एका ओळीत एकच पायरी, आणि आधी सगळ्यात आतला कंस, ही त्यांची शिस्त माझ्या हाडात आहे.

टेलरबाईला बेरीज, गुणाकार, टक्केवारी पाण्यासारखी. अडायचं ते कंस आणि उणे संख्यांपाशी. तिला पायऱ्या लिहायच्याच नसत.

"आजी, एवढ्या ओळी कशाला? अर्धं पान कोरं जातं."

"जाऊ दे की. ते कापड नाही."

"हात वळत नाही हो."

मग ती बाहेरचा कंस आधी सोडवायची, कारण कपडा उसवताना बाहेरची शिवणच आधी निघते. आणि तिथेच चिन्ह घसरायचं. त्या मंगळवारी मी दिलं होतं: २० − [६ − (४ − ९)]. तिने चौकोनी कंस झटक्यात काढला आणि लिहिलं, २० − ६ − (४ − ९). उत्तर आलं एकोणीस.

"आधी आतलं कर," मी म्हटलं. "चारातून नऊ गेले, उणे पाच. सहा वजा उणे पाच, अकरा. विसातून अकरा गेले, नऊ."

"तुमचं नऊ येतं, माझं एकोणीस. मधल्या दहाला काय झालं?"

ते मला सांगता येईना. चूक कुठे आहे हे मला दिसत होतं, पण तिला दिसेल असं कसं मांडायचं ते सुचेना. मी पुन्हा तेच मोठ्याने सांगितलं. शिकवणाऱ्याचं हे जुनंच दुखणं, कळलं नाही की आवाज वाढवायचा. ती चहा न पिता गेली.

गुरुवारी ती कोट घेऊन आली. म्हणाली, "आज गणित नको. माप घेते, म्हणजे निदान एक काम तरी होईल." कोटाचा खांदा बघायला तिने तो उलटा करायला घेतला. कॉलर धरून ओढला. एक बाही अस्तरासकट बाहेर आली, दुसरी आतच अडकली. ती तशीच धरून उभी राहिली. मला वाटलं, कापड फाटलं.

"काय गं?"

"आजी, पाटी द्या."

पाटी म्हणजे माझा निरोप लिहायचा छोटा फळा. तिने मंगळवारचं गणित लिहिलं आणि कोट टेबलावर पसरला.

"हा चौकोनी कंस म्हणजे कोट. ही बाही सहा. ही दुसरी बाही म्हणजे वजा लागलेला तो आतला कंस. बाहेरचा वजा म्हणतो, कोट उलटा कर. मी सहा उलटे केले, वजा सहा झाले. ही दुसरी मात्र होती तशीच ठेवली." तिने अडकलेली बाही खेचून बाहेर काढली. "ही पण उलटायला हवी. वजाचा अधिक."

तिने लिहिलं, २० − ६ + (४ − ९). मग एकेक ओळ सोडत खाली उतरली. चौदा अधिक उणे पाच. नऊ.

"म्हणजे मी सगळीकडे अर्धाच कोट उलटा करत होते," ती म्हणाली. "असा कोट गिऱ्हाइकाला दिला असता तर माझ्याच डोक्यात मारला असता."

"आणि वजाच्या मागे वजा आला तर?" मी विचारलं.

तिने कोट पुन्हा उलटवला. ह्यांच्या कोटाची मूळची तपकिरी बाजू वर आली, कोपरापाशी झिजलेली. "दोनदा उलटला की सुलटा," ती म्हणाली, आणि माझा चेहरा बघून कोट हळूच घडी करून ठेवला. त्या दिवशी तिने चहा घेतला, दोनदा.

परीक्षेहून ती थेट माझ्याकडे आली. चप्पल दारात एक इकडे, एक तिकडे. प्रश्नपत्रिका माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "तुम्ही करा. मी सांगत नाही."

प्रश्न होता: ७ − ३ × [२ − (−४ + ९)]. मी सिस्टरांच्या पद्धतीने केलं. आतला कंस पाच. दोन वजा पाच, उणे तीन. गुणाकार वजाबाकीच्या आधी, म्हणून तीन गुणिले उणे तीन, उणे नऊ. सात वजा उणे नऊ. मी पेन्सिल ठेवली.

"सोळा," मी म्हटलं.

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आधी मी उणे दोन लिहिलं होतं. सातातून नऊच काढले. मग वाटलं, बाई, दोन वजा आहेत, कोट दोनदा उलटलाय. खोडलं आणि खाली नव्याने केलं. अख्खं पान लागलं आजी. कोरी जागा सोडताना जीव गेला माझा."

"शोभतं का तुला, पान वाया घालवणं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो.

निकाल लागला तेव्हा गणितात काठावर पास होती. तो एक प्रश्न बुडाला असता तर राहिली असती. केंद्राच्या मॅडमनी तिच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि जूनमध्ये टेबलाच्या खणाची किल्ली हातात दिली. नणंदेने पेढे मागितले. टेलरबाई टाचणी ओठात धरून म्हणाली, "मिळतील." आता मुलींना कोट शिकवताना ती आधी एक बाही उलटी ठेवून दाखवते आणि विचारते, काय चुकलं. मुली हसतात. कंसाचं तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

कायम झाल्याच्या पहिल्याच दिवशी केंद्रातून घरी जाताना ती माझ्याकडे वर चढून आली, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर कोट. मी घालून बघितला. तिने खांदे आत घेतले होते, पण कोपराची झीज तशीच ठेवली होती.

संध्याकाळची नोंद: कोट आला. अंगाला बसला. बाह्या दोन बोटं लांब आहेत, दुमडून घेतल्या. डांबराच्या गोळ्या संपल्या आहेत, आणायच्या.